जिंकल्यावर दाखवलेली अट

समजा, २०२४ साल आहे. मँचेस्टरमध्ये राहणारा एक माणूस ऑनलाइन कॅसिनोत खाते उघडतो आणि शंभर पौंड भरतो. ब्रिटनमध्ये हा परवाना घेऊन उघडपणे चालणारा धंदा आहे, त्यामुळे त्याने बेकायदा असे काही केलेले नाही. पहिल्यांदा पैसे भरणाऱ्याला तेवढ्याच रकमेचा बोनस मिळतो, म्हणून खात्यात दोनशे पौंड दिसू लागतात. बोनसला एक अट आहे: बोनसच्या पस्तीस पट रकमेचे डाव लावून झाल्याशिवाय पैसे काढता येणार नाहीत. म्हणजे एकूण ३,५०० पौंडांची उलाढाल झाली पाहिजे. ही अट त्याने वाचली आहे आणि ती त्याला समजलीही आहे.

तो शिस्तीने खेळतो. स्लॉटवर, म्हणजे पडद्यावर चित्रांची चाके फिरवणाऱ्या खेळावर, दोन-दोन पौंडांचे साडेबाराशे डाव लावतो. ते झाले २,५०० पौंड. स्लॉटचा कंटाळा आल्यावर रूलेटवर पाच-पाच पौंडांचे दोनशे डाव लावतो. ते १,००० पौंड. एकूण ३,५००. नशिबाने साथ दिल्यामुळे खात्यात अजून ४१० पौंड शिल्लक आहेत. आता अट संपली, हे पैसे आपले, असे समजून तो पुन्हा स्लॉटकडे वळतो आणि दहा-दहा पौंडांचे नव्वद डाव लावतो. तेही बरे जातात, शिल्लक ९६० पौंडांवर पोहोचते आणि तो पैसे काढण्याची विनंती करतो.

तीन दिवसांनी ईमेल येते. बोनस चालू असताना एका डावाची कमाल मर्यादा पाच पौंड होती, ती आपण ओलांडली आहे, त्यामुळे बोनस आणि त्यावर मिळालेली सर्व रक्कम रद्द करण्यात येत आहे, आपण भरलेले शंभर पौंड परत केले आहेत. ८६० पौंड गेले.

हे उदाहरण मी रचलेले आहे. पण यातली प्रत्येक अट आणि प्रत्येक आकडा बोनसच्या अटींत वर्षानुवर्षे दिसत आलेला आहे, आणि तक्रारींचा साचाही असाच असतो. आपण कुठे चुकलो हे त्या माणसाला ईमेल वाचूनही कळत नाही. त्याच्या हिशेबाने बोनस संपला होता. कॅसिनोच्या हिशेबाने तो संपलेला नव्हता, कारण अटींच्या पानावर खाली एक तक्ता होता: स्लॉट १०० टक्के, रूलेट २० टक्के, ब्लॅकजॅक १० टक्के. रूलेटवर लावलेल्या हजार पौंडांपैकी फक्त दोनशे पौंड उलाढालीत धरले गेले. म्हणजे त्याची उलाढाल झाली होती २,७०० पौंडांची, आणि ८०० पौंड अजून बाकी होते. दहा पौंडांच्या नव्वद डावांतले पहिले ऐंशी डाव बोनस चालू असतानाच लागले.

दोन अटी वेगवेगळ्या वाचल्या तर दोन्ही साध्या वाटतात. एक म्हणते, मोठा डाव लावू नका. दुसरी म्हणते, काही खेळांवरचे डाव कमी धरले जातील. घोटाळा होतो तो दोन्ही एकमेकींना भिडतात तिथे. भारांकाची अट बोनस संपण्याची रेषा पुढे सरकवते, आणि कमाल डावाची अट त्या रेषेपर्यंत जागी राहते. रेषा कुठे आहे हे ज्याला दिसत नाही, तो नेमका ती संपल्यासारखी वाटते तिथे चुकतो.

या अटी मुळात का आहेत हे नीट पाहिले पाहिजे. त्यांच्यामागे खरे गणित आहे, ते कळल्याशिवाय कॅसिनोची बाजूही समजत नाही आणि त्यांचा अन्यायही नेमका दाखवता येत नाही.

स्लॉटचा परतावा ९६ टक्के असेल तर लावलेल्या प्रत्येक शंभर पौंडांमागे सरासरी चार पौंड कॅसिनोकडे राहतात. ३,५०० पौंडांच्या उलाढालीवर हे होतात १४० पौंड. खेळाडूच्या खात्यात सुरुवातीला दोनशे होते, तेव्हा सरासरीने साठ उरतात. शंभर भरून साठ हाती आले, म्हणजे शंभर पौंडांचा बोनस मिळूनही चाळीस पौंडांचे नुकसान. कॅसिनोला बोनस वाटणे परवडते ते याच हिशेबावर. (मधेच खाते रिकामे होऊन थांबणाऱ्यांमुळे प्रत्यक्षातली सरासरी थोडी वेगळी पडते, पण हिशेबाची दिशा बदलत नाही.)

आता कमाल डावाची मर्यादा काढून टाका. खेळाडू पहिल्याच डावात सगळे दोनशे पौंड लावतो, अशा डावावर की ज्यात रक्कम दुप्पट होण्याची शक्यता ४८ टक्के आहे. इथेही परतावा ९६ टक्केच, कॅसिनोचा वाटा बदललेला नाही. असे शंभर खेळाडू घेतले तर बावन्न जण पहिल्याच फटक्यात संपतात. त्यांचे प्रत्येकी शंभर पौंड गेले, पण त्यांना पुढची उलाढाल करायचीच नाही, त्यामुळे तिच्यात जाणारे पैसेही त्यांचे जात नाहीत. उरलेल्या अठ्ठेचाळीस जणांकडे ४०० पौंड आहेत आणि ३,३०० पौंडांची उलाढाल बाकी आहे. त्यात सरासरी १३२ पौंड जातील, उरतील २६८. अठ्ठेचाळीस गुणिले २६८ म्हणजे १२,८६४ पौंड. शंभर जणांनी मिळून भरले होते १०,००० पौंड. कॅसिनो २,८६४ पौंडांनी तोट्यात.

खेळ तोच, परतावा तोच, बोनसही तोच. फक्त डाव मोठा केला आणि शंभर खेळाडूंमागे कॅसिनोचा चार हजारांचा नफा जवळजवळ तीन हजारांच्या तोट्यात गेला. कारण साधे आहे. खेळाडूचे नुकसान खात्यातल्या रकमेपुरतेच असते आणि त्यातली अर्धी रक्कम मुळात कॅसिनोची आहे. हरायचे तर लवकर हरावे, जिंकायचे तर मोठे जिंकावे आणि मग छोट्या डावांनी उलाढाल उरकावी, हे बोनसच्या मागे लागणाऱ्या सराईत मंडळींना फार पूर्वी कळले होते. पाच पौंडांची मर्यादा आली ती या मंडळींसाठी. दोनशे पौंड घेऊन पाच-पाच पौंडांचे डाव लावणाऱ्याला अशी एका फटक्यातली उडी मारता येत नाही, त्याला सरासरीकडे सरकावेच लागते.

भारांकाचे गणितही असेच आहे. ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ नीट शिकून खेळला तर कॅसिनोचा वाटा अर्ध्या टक्क्याच्या आसपास येतो. ३,५०० पौंडांची उलाढाल तिथे पूर्ण धरली, तर खेळाडूला ती पडेल साडेसतरा पौंडांना. शंभर पौंडांचा बोनस साडेसतरा पौंडांत मिळाला तर कोण घेणार नाही? म्हणून ब्लॅकजॅकचे फक्त १० टक्के धरायचे. मग ३,५०० भरायला ३५,००० पौंडांचे डाव लावावे लागतात आणि अर्ध्या टक्क्याने त्यांची किंमत होते १७५ पौंड. स्लॉटच्या १४० पौंडांशी ती साधारण जुळते. इथपर्यंतचा तक्ता गणिताला धरून आहे.

रूलेटला मात्र हे लागू पडत नाही. एकच शून्य असलेल्या युरोपीय रूलेटमध्ये कॅसिनोचा वाटा २.७ टक्के असतो. २० टक्के भारांकाने १७,५०० पौंडांचे डाव लावावे लागतात आणि त्यांची सरासरी किंमत पडते साडेचारशे पौंडांच्या वर, म्हणजे स्लॉटच्या तिपटीहून जास्त. एवढा कमी भारांक कॅसिनोच्या वाट्याकडे पाहून ठरलेला नाही. रूलेटमध्ये लाल आणि काळा या दोन्हींवर सारखी रक्कम लावता येते. एका बाजूला गेलेले दुसऱ्या बाजूला परत मिळतात, चेंडू शून्यावर पडला तरच दोन्ही जातात, आणि ते सदतीस वेळांत सरासरी एकदा घडते. उलाढाल वाढत राहते आणि शिल्लक जवळपास जागची हलत नाही. बऱ्याच अटींत असे दोन्ही बाजूंना डाव लावणे वेगळे नोंदवून मनाई केलेले असते. पण मनाई असूनही भारांक खालीच ठेवलेला असतो, आणि त्याचा फटका सरळपणे एका रंगावर किंवा आकड्यावर डाव लावणाऱ्याला बसतो. बोनस घेऊन रूलेट खेळणाऱ्याला तो जवळजवळ कधीच परवडत नाही, हे त्या तक्त्यात लिहिलेले असते, पण टक्केवारीच्या भाषेत.

त्याच तक्त्यात आणखी एक बारकावा दडलेला असतो, आणि पैसे बाद होण्याच्या अनेक तक्रारी तिथून निघतात. काही खेळांपुढे शून्य टक्के लिहिलेले असते आणि काही खेळ वर्ज्य असतात. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात, पण त्यांचे परिणाम वेगळे आहेत. शून्य टक्क्यांचा खेळ खेळला तर उलाढाल पुढे सरकत नाही, एवढेच. वर्ज्य खेळ खेळला तर अटीचा भंग होतो आणि जिंकलेली रक्कम रद्द होऊ शकते. वर्ज्य यादीत सहसा परतावा जास्त असणारे स्लॉट असतात. नेटएंट कंपनीचा ‘ब्लड सकर्स’ हा ९८ टक्के परताव्याचा स्लॉट अशा याद्यांत वर्षानुवर्षे होता. चार टक्क्यांऐवजी दोन टक्के कॅसिनोकडे राहणार असतील, तर १४० पौंडांना पडणारी उलाढाल ७० पौंडांत होते आणि बोनस खेळाडूच्या फायद्याचा ठरतो, म्हणून तो खेळ बाहेर. एकेका यादीत कित्येक डझन नावे असतात आणि ती अटींच्या पानावर एका लांबलचक परिच्छेदात दिलेली असतात. खेळाच्या स्वतःच्या चित्रावर मात्र काहीच लिहिलेले नसते. बोनस चालू असतानाही तो खेळ बाकीच्यांसारखाच दिसतो आणि दाबला की सुरू होतो.

कमाल डावातही अशा खाचा आहेत. पाच पौंड ही मर्यादा सहसा एका फेरीची असते, एका चिपची नसते. रूलेटमध्ये एक-एक पौंडाच्या सहा चिप सहा आकड्यांवर ठेवल्या की फेरी सहा पौंडांची होते. ब्लॅकजॅकमध्ये चार पौंडांचा डाव दुप्पट केला की आठ पौंड पणाला लागतात, आणि ते एकत्र मोजायचे की नाही हे त्या-त्या कॅसिनोच्या शब्दांवर अवलंबून राहते. काही स्लॉटमध्ये जिंकलेली रक्कम लगेच ‘दुप्पट की शून्य’ अशा खेळावर लावण्याची सोय असते. सात पौंड जिंकून ते तसे लावले तर तोही सात पौंडांचा डाव धरला जाऊ शकतो. ब्रिटनबाहेरच्या साइटवर मोठ्या बक्षिसांची फेरी पैसे देऊन थेट विकत घेता येते आणि तिची किंमत नेहमीच्या डावाच्या शंभर पट असू शकते. वीस पेन्सचा डाव खेळणारा ती फेरी घेतो तेव्हा त्याने एका झटक्यात वीस पौंड लावलेले असतात. आणखी एक पद्धत म्हणजे ‘पाच पौंड किंवा बोनसच्या दहा टक्के, यांतली कमी असेल ती रक्कम’. वीस पौंडांचा बोनस घेतलेल्याला या वाक्याने दोन पौंडांची मर्यादा पडते, आणि त्याच्या डोक्यात मात्र पाचाचा आकडा राहतो.

आधी खर्च होतात ते खेळाडूचे स्वतःचे पैसे, बोनसला हात लागतो नंतर, ही रचनाही पुष्कळ ठिकाणी असते. मी माझ्याच शंभर पौंडांतून दहाचा डाव लावतोय, त्याला बोनसची मर्यादा कशी लागेल, असा विचार माणूस साहजिकच करतो. पण पुष्कळ अटींत मर्यादा बोनस ‘चालू’ असण्याला जोडलेली असते. डावातले पैसे कोणते होते हे तिथे विचारात घेतले जात नाही.

एवढे सगळे खरे असले तरी एक प्रश्न उरतोच. नियम इतका स्पष्ट आहे, तर मग पाचाऐवजी दहाचा डाव लागतोच कसा?

गोव्यात मांडवीच्या पात्रात उभ्या असलेल्या कॅसिनोच्या बोटींवर, किंवा जगातल्या कुठल्याही कॅसिनोत, रूलेटच्या टेबलावर पाटी असते: कमीत कमी एवढे, जास्तीत जास्त एवढे. कोणी जास्तीच्या चिप ठेवल्या तर टेबलावरचा डीलर त्या चेंडू थांबण्याआधी परत सरकवतो. डाव लागतच नाही. नियम निकालाच्या आधी पाळून घेतला जातो, आणि तेव्हा कोण जिंकणार हे दोघांनाही माहीत नसते.

ऑनलाइन कॅसिनोत हा क्रम उलटा होतो. स्लॉट बनवणारी कंपनी वेगळी असते, कॅसिनो वेगळा. खेळाडू बटण दाबतो तेव्हा खेळ चालवणारा सर्व्हर कॅसिनोच्या खात्याला विचारतो, या माणसाकडून दहा पौंड वळते करू का? खात्यात शिल्लक असेल तर हो म्हटले जाते. या खेळाडूचा बोनस चालू आहे आणि त्याची मर्यादा पाच आहे, हे खेळ बनवणाऱ्या कंपनीला ठाऊक नसते. कॅसिनोला ठाऊक असते. उत्तर देताना तो नाही म्हणू शकतो आणि काही कॅसिनो तसे करतातही. बटण दाबले की पडद्यावर सूचना येते आणि डाव लागत नाही. जिथे ही व्यवस्था नाही तिथे डाव लागतो, नोंदवहीत जातो आणि तिथे पडून राहतो. खेळाडूने पैसे मागितले की मगच ती नोंदवही उघडली जाते, पाचापेक्षा मोठे डाव गाळून काढले जातात आणि ईमेल जाते.

माझा आक्षेप इथे आहे आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. मँचेस्टरच्या त्या माणसाने दहा पौंडांच्या नव्वद डावांत सगळे ४१० पौंड घालवले असते, तर त्याला काहीही कळवले गेले नसते. तुम्ही मर्यादा ओलांडली होती, म्हणून ते डाव रद्द धरून गेलेले पैसे परत करतो, असे पत्र कोणाला येत नाही. तीच नोंद, तोच भंग. हरलेला डाव वैध आणि जिंकलेला अवैध. असा खेळ ज्याला लावता येतो त्याला मर्यादा वेळीच अडवण्याची घाई नसते. मोठ्या डावाने बोनसचे गणित मोडते, हे वरच्या हिशेबाने मी मान्य केले आहे. पण ज्याला ते गणित खरोखर वाचवायचे आहे त्याने डाव लागू देता कामा नये. लागू दिला आणि निकाल पाहून ठरवले, तर कॅसिनोला नुसते संरक्षण मिळत नाही, हरणाऱ्यांचे पैसे ठेवून जिंकणाऱ्यांचे परत घेण्याची सवलत मिळते. शिवाय दंड किती, याचाही चुकीशी काही संबंध राहत नाही. पाच पौंड दहा पेन्सचा एकच डाव चुकून लागला तरी अटीच्या भाषेत पूर्ण रक्कम जाऊ शकते, आणि सराईतपणे दोनशेचा डाव मारणाऱ्यालाही तेवढीच शिक्षा असते.

ब्रिटनमध्ये या प्रकारांकडे सरकारी यंत्रणांचे लक्ष गेले ते २०१६ साली. बाजारातल्या स्पर्धेवर आणि ग्राहकहितावर नजर ठेवणाऱ्या तिथल्या प्राधिकरणाने, सीएमएने, जुगार आयोगाबरोबर ऑनलाइन बोनसची चौकशी सुरू केली. फेब्रुवारी २०१८ मध्ये लॅडब्रोक्स, विल्यम हिल आणि पीटी एंटरटेनमेंट या कंपन्यांनी आपल्या पद्धती बदलण्याची लेखी हमी दिली. त्यातल्या दोन गोष्टी आपल्या विषयाच्या आहेत. स्वतः भरलेले पैसे काढण्यासाठी खेळाडूला पुन्हा पुन्हा डाव लावायला भाग पाडायचे नाही. आणि खेळण्यावर जी बंधने असतील ती खेळाडूला स्पष्ट दिसली पाहिजेत, मोघम अटींचा आधार घेऊन कोणाचे पैसे जप्त करता येणार नाहीत.

न्यायालयांनीही या दिशेने पावले टाकली, जरी ती प्रकरणे बोनसच्या डावाची नव्हती. २०१८ च्या जानेवारीत अँड्र्यू ग्रीन नावाच्या ग्राहकाने बेटफ्रेडच्या एका ब्लॅकजॅक खेळात १७ लाख पौंड जिंकले. खेळात तांत्रिक बिघाड होता, असे सांगून कंपनीने पैसे नाकारले आणि तशी अट आपल्या कागदांत असल्याचे दाखवले. २०२१ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने ग्रीन यांच्या बाजूने निकाल दिला. ज्या कलमांवर कंपनी विसंबली होती ती या परिस्थितीला लागू पडत नव्हती, आणि ग्राहकाच्या नजरेला येतील अशा रीतीने ती मांडलेलीही नव्हती. ‘मी वाचले आणि मला मान्य आहे’ या चौकोनात खूण केली म्हणजे लांबलचक पानाच्या पोटातले प्रत्येक कलम आपोआप बांधील होते, असे तिथले न्यायालय मानत नाही. विशेषतः ते कलम ग्राहकाचे मोठे नुकसान करणारे असेल तर. २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यातही अट पारदर्शक आणि ठळक असण्यावर असाच भर आहे.

त्यानंतरचे बदल आकड्यांचे आहेत. एप्रिल २०२५ पासून ब्रिटनमध्ये २५ वर्षे आणि त्यावरच्या वयाच्या माणसाला ऑनलाइन स्लॉटवर एका डावात पाच पौंडांपेक्षा जास्त लावताच येत नाहीत, आणि मे २०२५ पासून १८ ते २४ वयाच्यांसाठी ही मर्यादा दोन पौंडांची आहे. ही मर्यादा बोनसची नसून कायद्याची आहे, त्यामुळे ती डाव लागण्याआधीच पाळावी लागते. जे तांत्रिकदृष्ट्या अवघड असल्याचे वर्षानुवर्षे सांगितले जात होते ते कायद्याची तारीख आल्यावर जमले. मँचेस्टरच्या आपल्या माणसाचा दहा पौंडांचा स्लॉटचा डाव आज तिथल्या परवानाधारक साइटवर लागलाच नसता. रूलेट आणि ब्लॅकजॅकला मात्र ही कायद्याची मर्यादा नाही, तिथे बोनसच्या अटीची खाच उरतेच.

जानेवारी २०२६ पासून उलाढालीची अट बोनसच्या जास्तीत जास्त दहा पट ठेवण्याचा नियमही लागू झाला. शंभर पौंडांवर हजार पौंडांची उलाढाल, म्हणजे चार टक्क्यांनी चाळीस पौंड. पूर्वीचे १४० पौंड वसूल होण्याची सोय गेल्यावर मोठाल्या बोनसच्या जाहिराती परवडत नाहीत, आणि बोनस चालू असण्याचा काळही आखडतो. त्या काळात चुकून मर्यादा ओलांडली जाण्याची संधी तेवढी कमी होते.

ज्या देशांत असे नियम नाहीत तिथल्या साइटवर खेळणाऱ्यासाठी जुनेच चित्र कायम आहे. आपण कुठे उभे आहोत हे ओळखायची एक खात्रीची खूण आहे. बोनसची किती उलाढाल बाकी आहे तो आकडा खात्यात कुठेतरी असतो, बहुधा मुख्य पडद्यावर नसतो, ‘बोनस’ या वेगळ्या पानावर असतो. एक डाव लावण्याआधी तो आकडा पाहायचा आणि डाव झाल्यावर पुन्हा पाहायचा. पाच पौंड लावून बाकी पाचाने उतरली तर तो खेळ पूर्ण धरला जातो. एकानेच उतरली तर वीस टक्के. अजिबात हलली नाही तर तिथेच थांबून तो खेळ शून्य टक्क्यांचा आहे की वर्ज्य आहे हे तपासले पाहिजे. आणि तो आकडा शून्य दिसेपर्यंत मर्यादा लागू आहे असेच धरून चालावे लागते, आपली स्वतःची बेरीज काहीही सांगत असली तरी.

पैसे बाद झाल्याचे पत्र आलेच, तर ‘अटींचा भंग’ एवढ्या दोन शब्दांवर गप्प बसू नये. कोणता डाव, किती वाजता, किती रकमेचा, आणि त्या क्षणी उलाढालीची बाकी किती होती, हे नोंदीसकट मागावे. मँचेस्टरच्या उदाहरणात शेवटचे दहा डाव बोनस संपल्यानंतरचे होते. त्या डावांवर जिंकलेले पैसे कोणत्या अटीखाली गेले, हा प्रश्न नोंद हातात आल्याशिवाय विचारताच येत नाही. ब्रिटनमध्ये कंपनीचे अंतिम उत्तर पटले नाही, किंवा आठ आठवड्यांत आलेच नाही, तर आयबीएएससारख्या स्वतंत्र लवादाकडे तक्रार विनामूल्य नेता येते. तिथे नोंदवही आणि अटींचे शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहिले जातात.

भारतातून परदेशी साइटवर खेळणाऱ्याला यातले काहीही उपलब्ध नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैशांचे ऑनलाइन खेळ पुरवण्यास, त्यांची जाहिरात करण्यास आणि त्यांचे पैसे फिरवण्यास बंदी घातली आहे. कायद्याचा रोख खेळणाऱ्यावर नाही, चालवणाऱ्यांवर आहे. तरीही बाहेरच्या बेटांवर नोंदलेल्या साइट नवनव्या पत्त्यांनी मोबाइलवर येत राहतात, आणि पाचशे टक्के बोनसची भाषा तिथे सर्रास असते. त्या बोनसला चाळीस-पन्नास पट उलाढाल, वीस खेळांची वर्ज्य यादी आणि रुपयांतली कमाल डावाची मर्यादा जोडलेली असते. मर्यादा ओलांडून जिंकलेले पैसे बाद झाले तर इथल्या न्यायालयात जाता येत नाही: १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० प्रमाणे पैजेचा करारच निरर्थक आहे आणि पैजेत जिंकलेल्या रकमेच्या वसुलीसाठी दावा चालत नाही. ग्रीन यांना १७ लाख पौंड मिळाले कारण त्यांच्या देशात जुगाराचे देणे न्यायालयातून वसूल करता येते. सांगली किंवा सोलापूरमध्ये बसून अशा साइटवर खेळणाऱ्यासाठी अटींचा अर्थ लावणारा एकच पक्ष आहे, ज्याच्याकडे पैसे अडकले आहेत तो.